या चुका टाळा: ऑफिस-मालिकेत बाइट आला की हसू का विझतं?

ऑफिसवरची मॉक्युमेंटरी, म्हणजे माहितीपटाचं सोंग घेतलेली विनोदी मालिका काढणं छोट्या टीमला सोपं वाटतं, आणि त्यामागे कारणही आहे. वागळे इस्टेटमधला किंवा महापेतला एखादा गाळा रविवारी मिळतो, सेट लावावा लागत नाही, कॅमेरा हातात धरला तरी चालतो. मध्येमध्ये पात्रांना खुर्चीवर बसवून कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यांची मुलाखत, म्हणजे बाइट, घेतले की झालं. मग पहिला कट चार मित्रांना दाखवला जातो. बाइट आला की सगळे समजल्यासारखी मान हलवतात, आणि हसत कोणीच नाही.

अशा वेळी दोष बहुतेकदा नटावर किंवा संवादांवर ढकलला जातो. खरी चूक असते ती बाइटला चुकीचं काम देण्यात.

हा प्रकार कशावर चालतो ते आधी पाहू. प्रेक्षकांसमोर चित्रित होणाऱ्या सिटकॉममध्ये हशा ऐकू येतो, म्हणजे कुठे हसायचं ते आपल्याला कोणीतरी सांगत असतं. 2001 साली बीबीसीवर आलेल्या ‘द ऑफिस’ने तो हशा काढून टाकला, दृश्यांमागचं संगीतही ठेवलं नाही, आणि पात्रांच्या समोर माहितीपटवाल्यांचा कॅमेरा ठेवला. आता साहेब फालतू विनोद करतो आणि त्याच्यामागून शांतता येते. ती शांतता भरायला कोणी नसतं, म्हणून ती आपल्याच अंगावर येते. त्यात पात्राला माहीत आहे की आपण टीव्हीवर दिसणार. त्यामुळे ते चांगलं दिसायला धडपडतं, आणि कॅमेरा ती धडपडही टिपतो.

यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: सारवासारव. बाइट हे पात्राच्या सारवासारवीचं ठिकाण आहे. आपल्याकडे तो कबुलीजबाब होतो, सगळी गडबड तिथून सुरू होते.

एक दृश्य घेऊन पाहू. वागळे इस्टेटमधलं बेअरिंग विकणाऱ्या कंपनीचं ऑफिस, माणसं नऊ. जुलैची सकाळ, रुळांवर पाणी, लोकल रखडलेल्या. मॅनेजर शिर्के मस्टर उघडून बसले आहेत. बदलापूरहून येणारी स्नेहा 11:20 ला भिजून आत येते. शिर्केंनी तिच्या नावापुढे लाल पेनाने ‘हाफ डे’ आधीच लिहून टाकलं आहे. तेवढ्यात त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे जातं.

पहिल्या खर्ड्यात बहुतेक जण हे असं लिहितात. शिर्के तिला स्वतःचा अर्धा प्यालेला चहा देतात. मग शिर्केंचा बाइट: “मला खरं तर कोणाच्या अडचणींशी देणंघेणं नाही, पण कॅमेऱ्यासमोर चांगलं दिसावं लागतं ना.” मग स्नेहाचा बाइट: “सरांनी मला उष्टा चहा दिला! इतका कंजूष माणूस पाहिला नाही.”

इथे दोन चुका एकदमच झाल्या. शिर्केंनी स्वतःबद्दल खरं सांगून टाकलं. जो माणूस आपला दोष ओळखून आहे आणि तो मोकळेपणी बोलतो, त्याच्याकडे पाहून आपल्याला अवघडल्यासारखं होत नाही, उलट तो जरा शहाणा वाटतो. कसंनुसं होतं ते ज्याला स्वतःचं दिसत नाही त्याला पाहून. आणि स्नेहाने जे सांगितलं ते आपण दहा सेकंदांपूर्वीच डोळ्यांनी पाहिलं होतं. विनोदाचं निरूपण झालं की प्रेक्षकाला स्वतः जोडायला काही उरत नाही, तो फक्त मान हलवतो.

आता तेच दृश्य दुरुस्त करू. प्रत्येक बाइट लिहिण्याआधी कागदावर तीन ओळी मांडा: पात्राला स्वतःबद्दल काय वाटतं, त्याला कॅमेऱ्यासमोर काय दाखवायचं आहे, आणि कॅमेऱ्याने प्रत्यक्षात काय पाहिलं. शिर्केंना वाटतं आपण कडक पण मायाळू आहोत. दाखवायची आहे माणुसकी. कॅमेऱ्याने पाहिलंय लाल पेन. पहिल्या दोन ओळी बाइटमध्ये जातात. तिसरी तिथे कधीच जाऊ द्यायची नाही, ती फक्त दृश्यात दिसते.

मग शिर्केंचा बाइट दृश्याच्या आधी येतो: “लेट मार्क हा आकडा आहे. माझ्याकडे आकडा चालत नाही, माणूस चालतो. आता पाऊस काय कोणाच्या हातात—” आणि वाक्य पुरं व्हायच्या आत कट, मस्टरवर. लाल पेन ‘हाफ’चा ‘फ’ काढतंय. स्नेहा आत येते. “अगं, ही काय वेळ—” म्हणता म्हणता शिर्केंना कॅमेरा दिसतो. “या, या, स्नेहा मॅडम. बसा ना.” स्नेहा मागे वळून बघते, कोण मॅडम आली. शिर्के चहाचा कप पुढे सरकवतात, अर्धा. दुसऱ्या हाताचं कोपर हळूच मस्टरवर येतं. कॅमेरा थोडा उशिरा खाली, कोपराकडे झुकतो. स्नेहा कोपराकडे बघते. तीन सेकंद फक्त पंखा.

त्यानंतर स्नेहाचा बाइट: “सर तसे चांगले आहेत.” थांबते. “चहा होता.” बस्स, पुढे काही नको. ‘उष्टा’ किंवा ‘कंजूष’ यातला एकही शब्द तिच्या तोंडी नाही. उद्या तिला याच ऑफिसात यायचं आहे आणि हे चित्रण साहेबही बघणार आहेत. पगार ज्याच्या हातात त्याच्याबद्दल माणूस कॅमेऱ्यासमोर कितपत बोलेल, एवढं ध्यानात ठेवलं तरी कर्मचाऱ्यांचे निम्मे बाइट आपोआप सुधारतात.

‘अगं’वरून ‘मॅडम’वर उडी मारणं हे मराठीत लिहिणाऱ्याच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार आहे, आणि तेच वाया जातं. इंग्रजीत ‘यू’ एकच. आपल्याकडे तू, तुम्ही, अहो, अगं, साहेब, मॅडम या प्रत्येकाला वजन आहे, आणि कॅमेरा दिसला की ते बदलतं. तरीही बऱ्याच संहितांत दृश्यातली आणि बाइटमधली भाषा एकसारखी असते. बाइटमध्ये शिर्के भाषणातली मराठी बोलतील, “आमचे सहकारी”, “एक कुटुंब म्हणून”, आणि टेबलावर “ए, दोन कटिंग सांग रे.” बाइटच्या मध्यात ती भाषणातली मराठी एकदा घसरू द्या. फक्त एकदाच, दर वेळी घसरली की ती लकब होते.

नजरेचंही एक गणित आहे. बाइटमध्ये नट थेट लेन्समध्ये बघू लागला की तो प्रेक्षकाशी गुजगोष्टी करतोय असं वाटतं, आणि सारवासारव करायला समोर कोणी राहत नाही. म्हणून लेन्सच्या शेजारी, साधारण वीतभर अंतरावर एका माणसाला बसवा. नट त्याच्याशी बोलेल. त्या माणसाने खरोखर प्रश्न विचारायचे, आणि उत्तर संपल्यावर गप्प बसायचं. समोरचा गप्प बसला की मुलाखत देणाऱ्याला राहवत नाही, तो आणखी एक वाक्य बोलतो, आणि बहुतेकदा तेच वाक्य त्याला बुडवतं. यासाठी शेवटच्या ओळीनंतर दिग्दर्शकाने ‘कट’ म्हणायचं नाही. मनात दहापर्यंत मोजायचं. “चहा होता”सारखी ओळ त्या दहा आकड्यांतच सापडते.

थेट लेन्समध्ये बघणं दृश्यासाठी राखून ठेवा, आणि एका दृश्यात एकाच पात्राला ते करू द्या. सगळ्यांनीच बघायला सुरुवात केली की सगळेच शहाणे ठरतात आणि शिर्के एकटे वेडे. आपल्या दृश्यात स्नेहानेही लेन्समध्ये बघायचं नाही, कारण तिचं कोपराकडे बघणं जास्त बोलतं. बघायचंच असेल तर मागच्या टेबलावरच्या अकाउंटंटने बघावं.

कॅमेऱ्याला आधीच सगळं ठाऊक असणं ही आणखी एक चूक. स्नेहाने दार उघडायच्या आधीच कॅमेरा दारावर रोखलेला असला तर ही पटकथा आहे हे कळतं. माहितीपटवाल्याला काय घडणार ते माहीत नसतं, म्हणून कॅमेरा अर्धा सेकंद उशिरा वळावा, झूम जरा चुकून सावरावा. मात्र हे उशिरा पोचणं नटाच्या कृतीनंतर हवं. कोपर आधी हलेल, मग कॅमेरा. यात नेहमी घसरण होते, कारण तालमी सहा झाल्या की कॅमेरामनला सगळं पाठ होतं. उपाय असा की त्याला तालमीला बोलवू नका, किंवा एका टेकला नटाला गुपचूप सांगून क्रम बदला. वागळे इस्टेटच्या ऑफिसांत ॲल्युमिनियमची चौकट आणि काचेच्या केबिन असतात, त्या चोरून टिपायला उत्तम. बाहेरच्या पॅसेजमधून लांब लेन्स लावा, फक्त काचेत तुमचं प्रतिबिंब पडत नाही ना ते बघा. ट्यूबलाइटखाली सेकंदाला 25 फ्रेम असतील तर शटर 1/50 ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने चित्र लुकलुकत नाही.

शांततेचा विषय संपादनात बिघडतो. संवाद नीट ऐकू यावा म्हणून सेटवर पंखा आणि एसी बंद करतात, ते ठीकच. पण मग ती तीन सेकंदं मुकी होतात आणि प्रेक्षकाला वाटतं, आवाज गेला. लोकेशन सोडण्यापूर्वी सगळ्यांना गप्प उभं करून पंखा चालू असताना एक मिनिट त्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करून घ्या आणि शांततेखाली तो अंथरा. पंख्याची किरकिर ऐकू येते तेव्हा शांतता टोचते. संपादक तीन सेकंदं म्हणजे 75 फ्रेम पाहून घाबरतो आणि 30 वर आणतो. तेवढ्यात प्रेक्षकाने कोपर पाहिलेलं असतं, पण स्नेहाने ते पाहिलं हे त्याच्या ध्यानात आलेलं नसतं. उलट टोकाला दर दृश्यात 75 फ्रेम ठेवल्या तर ती सवय होते आणि टोचत नाही. एका भागात अशी लांब शांतता दोनदाच पुरे.

कट तयार झाला की एक चाचणी करा. सगळे बाइट काढून भाग बघा. कथा तशीच कळत असेल आणि हसूही तिथेच येत असेल तर ते बाइट निरूपण करत होते, टाकून द्या. बाइट काढल्यावर काहीच हसण्यासारखं उरलं नाही तर दोष दृश्यात आहे, आणि बाइट कितीही घासले तरी फायदा नाही. ज्या बाइटच्या जाण्याने त्याच दृश्याची धार जाते, तो ठेवायचा. शिर्केंचा पहिला बाइट काढला तर लाल पेन हे नुसतं पेन राहतं. स्नेहाचा बाइट या चाचणीत कधी टिकतो, कधी नाही. पंख्याच्या तीन सेकंदांतच लोक हसले तर तोही काढा, “चहा होता” कितीही आवडलं असलं तरी.