दोन एकर भाजीपाला: सेंद्रिय की रासायनिक हे ठरवताना या चुका टाळा

दोन एकरांवर भाजीपाला घेणारा शेतकरी सेंद्रिय शेतीकडे वळतो तेव्हा तो बहुधा एकाच हंगामात सगळे रान बदलून टाकतो, आणि पहिल्याच पिकात उत्पादन निम्म्यावर आले की दुसऱ्या हंगामाला पुन्हा युरियाची पोती आणतो. मग "सेंद्रियात काही राम नाही" असा निष्कर्ष निघतो. माझ्या मते यातल्या बऱ्याच अपयशांचे कारण पद्धतीत नसून हिशेबात असते. मी स्वतः ही चूक उन्हाळी भेंडीच्या 20 गुंठ्यांत केली असल्यामुळे तेच उदाहरण येथे घेतो.

जीवामृत हे युरियाची जागा घेणारे खत आहे, असे समजू नका

भेंडीला हेक्टरी 100 किलो नत्राची शिफारस आहे. 20 गुंठ्यांचा हिशेब केला तर हे नत्र 20 किलो होते. युरियात 46 टक्के नत्र असल्याने 45 किलोच्या एका पोत्यात साधारण तेवढेच नत्र बसते. मी ते पोते बंद केले आणि त्याऐवजी दर पंधरा दिवसांनी पाण्यातून जीवामृत सोडले. पंचविसाव्या दिवशी रोपांची खालची, जुनी पाने सरसकट फिकट पिवळी पडू लागली, शेंडा बारीक राहिला आणि दोन पेऱ्यांतले अंतर कमी झाले.

नंतर कागदावर आकडेमोड केली तेव्हा उलगडा झाला. 200 लिटरच्या एका पिंपात 10 किलो ताजे शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ आणि 2 किलो बेसन जाते. शेणातून सुमारे 30 ते 40 ग्रॅम, गोमूत्रातून फार तर 100 ग्रॅम आणि बेसनातून सुमारे 70 ग्रॅम नत्र येते, म्हणजे पूर्ण पिंपात पाव किलोही नाही. जीवामृताचा पुरस्कार करणारेही त्याला खत न म्हणता विरजण म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण विरजण लावायला आधी दूध असावे लागते. वर्षानुवर्षे केवळ रासायनिक खतांवर चाललेल्या आणि सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीत ते दूध नसते.

दूध म्हणजे शेणखत, हिरवळीचे खत आणि पेंड. चांगल्या शेणखतात सुमारे अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे एका टनात 5 किलो. परंतु त्यातले साधारण तिसरा हिस्साच पहिल्या पिकाला मिळते, बाकीचे पुढच्या पिकांसाठी जमिनीत राहते. 20 गुंठ्यांत 5 टन, म्हणजे अंदाजे दोन ट्रॉल्या टाकल्या तर भेंडीच्या वाट्याला जेमतेम 8 किलो नत्र येते. उरलेल्या 12 किलोंसाठी दुसऱ्या वर्षी मी आधी ताग पेरून, तो साधारण 45 दिवसांचा होऊन फुलावर येताच ओल असताना गाडला आणि लागवडीपूर्वी तीन आठवडे रान तसेच ठेवले. कोवळा ताग लवकर कुजतो, पण फुलोरा उलटल्यावर तो चिवट होतो आणि कुजताना उलट जमिनीतलेच नत्र अडकवून ठेवतो. याशिवाय 100 किलो निंबोळी पेंड दोन हप्त्यांत दिली. तिच्यातून 4 ते 5 किलो नत्र मिळते. या वेळी पाने हिरवी राहिली.

ज्याच्याकडे दोन ट्रॉल्या शेणखत नाही आणि ताग घेण्याइतका मोकळा काळही नाही, त्याने या हंगामापुरता, जेवढे नत्र कमी पडते तेवढा युरिया दोन-तीन हप्त्यांत विभागून द्यावा, त्यात कमीपणा नाही. फक्त तो माल सेंद्रिय म्हणून विकू नये. उलट बाजूची चूकही तितकीच महाग पडते. हिरवीगार, लुसलुशीत भेंडी पाहण्याच्या हौसेने युरिया वाढवला की मावा आणि तुडतुडे त्याच रानात आधी उतरतात आणि खत देताना न केलेला विचार औषधाच्या दुकानात करावा लागतो.

पिवळेपणा पाहून लगेच खत देऊ नका

प्रत्येक पिवळे पान नत्रासाठी रडत नसते. खालची जुनी पाने सारखी पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता समजावी. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या दिसत असतील तर चुनखडीच्या जमिनीत बहुधा लोहाची अडचण असते. मात्र शिराच पिवळ्या होऊन पानावर पिवळे जाळे दिसत असेल आणि फळेही पांढरट पडत असतील, तर तो हळद्या रोग आहे. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. त्यावर कोणतेही खत अथवा औषध नाही. अशी झाडे दिसताच उपटून रानाबाहेर न्यावीत आणि पुढच्या वेळी रोगाला दाद न देणारा वाण निवडावा.

कच्चे शेणखत टाकू नका

खत कुजले आहे की नाही, हे वरून कळत नाही. ढिगाच्या मध्यात लोखंडी गज दहा मिनिटे खुपसून ठेवावा. बाहेर काढताना तो कोमट लागला तर खत तयार नाही. दुसरी परीक्षा म्हणजे ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन दिवस बांधून ठेवणे; उघडल्यावर उग्र वास आला तर आणखी थांबावे. कच्च्या खताबरोबर तणाचे बी आणि हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या रानात येतात. ढीग पसरताना त्या दिसल्या तर तिथल्या तिथे वेचून काढाव्यात.

तोडणी सुरू झाल्यावरही तीच फवारणी चालू ठेवू नका

दोन पद्धतींतून निवड करताना मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी होते. भेंडी साधारण पंचेचाळिसाव्या दिवसापासून एक दिवसाआड तोडावी लागते, कारण तिसऱ्या दिवशी ती निबर होते. कीटकनाशकाच्या डब्यावर मात्र फवारणी आणि काढणी यांमध्ये तीन, पाच किंवा सात दिवस थांबण्याची सूचना असते. पाळायची ठरवली तर दोन-तीन तोडे फेकावे लागतात. न पाळली तर औषध गिऱ्हाइकाच्या ताटात जाते. कांदा किंवा कोबीसारख्या एकदाच काढायच्या पिकात ही कोंडी येत नाही. त्यामुळे वरचेवर तोडल्या जाणाऱ्या भेंडी, काकडी, वांगी या पिकांना आधी सेंद्रियकडे न्यावे, निदान तोडणी सुरू झाल्यावर तरी 5 टक्के निंबोळी अर्क आणि पिवळे चिकट सापळे यांवर भागवावे. त्यासाठी 5 किलो निंबोळ्या कुटून रात्रभर 10 लिटर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी गाळून त्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा आणि पाणी घालून 100 लिटर द्रावण करावे. ते त्याच दिवशी, उन्हे उतरल्यावर फवारावे. कीड अंगावर येण्याआधी याचा उपयोग होतो. पांढऱ्या माशीने पाने झाकून गेल्यावर नाही.

नोंदणी क्रमांक नसलेली "हर्बल" बाटली मात्र घेऊ नये. एका फवाऱ्यात कीड टपाटपा पडू लागली, तर त्यात काय असावे याचा अंदाज करायला प्रयोगशाळा लागत नाही.

एकच पंप दोन्हीकडे वापरू नका

शेजारच्या ज्वारीत 2,4-डी हे तणनाशक फवारलेला पंप माझ्या भेंडीत आला, तेव्हा दोनदा धुतलेला होता. आठवड्याभरात नवी पाने पंख्याच्या काड्यांसारखी अरुंद आणि चुरगळलेली निघाली. विषाणू समजून मी त्यांवर दोन फवारण्या वाया घालवल्या. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवून त्याला लाल पट्टी मारावी.