पहिला सहभागी यायच्या आधी: रिअॅक्शन टाइमच्या प्रयोगाची तयारी

समजा, प्रश्न असा आहे: शांतता, शब्दांविना संगीत आणि शब्दांसह गाणं, यांपैकी कशात माणूस पडद्यावरच्या बाणाची दिशा लवकर ओळखतो? प्रत्येक सहभागी तिन्ही फेऱ्या करणार. फायदा उघड आहे. काही माणसं मुळातच संथ असतात, पण इथे तुलना ज्याची त्याच्याशीच होते.

सगळ्यात आधी क्रमाचा कागद करा. शांतता नेहमी पहिली ठेवली, तर पुढच्या फेऱ्यांतला वेग संगीतामुळे वाढला की सरावाने, हे कधीच कळणार नाही. अनेक जण तीन क्रमांचा फिरता चौकोन वापरतात: शांतता-संगीत-गाणं, संगीत-गाणं-शांतता, गाणं-शांतता-संगीत. प्रत्येक परिस्थिती प्रत्येक जागी येते खरी, पण संगीताच्या आधी गाणं लगेच असं कधीच येत नाही. म्हणून तीन परिस्थितींचे सहाही क्रम घ्या आणि सहभागींची संख्या सहाच्या पटीत ठेवा. 24 जण असतील तर प्रत्येक क्रमाला चार. कोणाला कोणता क्रम, हे आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवा. आयत्या वेळी ठरवलं की एखादा क्रम हमखास जास्त भरतो.

खऱ्या फेऱ्यांआधी 20 ट्रायल निव्वळ सरावाच्या ठेवा, त्या मोजू नका. मग प्रत्येक फेरीत 60 ट्रायल आणि मधे विश्रांती. तरीही क्रम समान वाटून दिल्याने एक गोष्ट सुटत नाही: गाण्याची फेरी आधी केलेल्याला शांततेतही ते गाणं डोक्यात घोळत असेल, पण उलट दिशेने तसं काही होत नसेल, तर ही असमानता सरासरीत जिरत नाही. म्हणून केवळ पहिल्या फेऱ्यांची वेगळी तुलना करायची सोय ठेवा. तिथे दरेक परिस्थितीत आठच माणसं उरतात, तेव्हा निष्कर्ष नको, फक्त कल वेगळा दिसतो का ते बघा.

विदा येण्याआधी लिहून ठेवा: चुकीची उत्तरं वगळणार, 150 मिलिसेकंदांखालची म्हणजे अंदाजाने दाबलेली बटणंही वगळणार, आणि वरची मर्यादा कोणती. आकडे पाहून मर्यादा हलवणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

आता चाचणी. 24 जणांचे 4,320 ट्रायल स्वतंत्र निरीक्षणं समजून अनोव्हा लावला, तर जवळपास काहीही लक्षणीय ठरेल. आधी प्रत्येकाची प्रत्येक फेरीची सरासरी काढा, म्हणजे 72 आकडे, आणि त्यांवर पुनरावृत्त मापनाचा अनोव्हा लावा, ग्रीनहाउस-गायसर दुरुस्तीसह. रिअॅक्शन टाइमचं शेपूट उजवीकडे लांब असतं, पण त्याने लगेच घाबरून जाऊ नका. इथे सरासऱ्यांमधल्या फरकांचं वितरण बघायचं. तेही फार कललेलं असेल तर लॉग घेऊन सरासरी काढा. ट्रायलपातळीवरच काम करायचं असेल, तर R च्या lme4 पॅकेजमधलं मिश्र मॉडेल, आणि त्यात फेरीची क्रमातली जागाही घाला:

```
lmer(log(rt) ~ condition + position + (1 + condition | id), data = d)
```

position चा परिणाम मोठा निघाला, तर सराव किंवा थकवा खराच होता; सहा क्रमांची खटपट त्यासाठीच.