मामाने दिलेले सहा लाख : माझा अनुभव

घर घेताना मामा सहा लाख देणार होता. त्याला ऑनलाइन जमत नाही, म्हणून मामेभाऊ स्वतःच्या खात्यातून पाठवणार होता. सीएने वेळीच थांबवलं. आयकर कायद्यात मामा ‘नातेवाईक’ आहे, त्याची भेट करमुक्त. मामेभाऊ मात्र त्या व्याख्येत नाही. त्याच्याकडून वर्षात 50,000 च्या वर आलं, तर पूर्ण रकमेवर कर. (उलट मी मामाला दिले, तर त्यालाही कर, कारण भाचा यादीत नाही!)

मग मामाला बँकेत नेऊन त्याच्याच खात्यातून आरटीजीएस केलं. रोख टाळली, दोन लाख किंवा जास्त रोख घेतल्यास तेवढाच दंड घेणाऱ्याला. साध्या कागदावर भेटपत्र लिहिलं: रक्कम, तारीख, नातं, दोघांचे पॅन, ‘परतफेड नाही’, सह्या.