ओव्हनमधलं मटण बाहेरून कोरडं, आतून चिवट: माझा अनुभव

जळगावात आमच्याकडे काळ्या मसाल्याचं मटण नेहमीचं. पण जून बोकडाच्या नळ्या आणि खांदा ओव्हनमध्ये केला की तुकडे आक्रसून चिवट व्हायचे. 200 अंशांवर दीड तास ठेवलं, पाणी वाढवलं, दह्यात मुरवलं. तीन रविवार वाया गेले.

चूक उष्णतेची होती. नळीतल्या पांढऱ्या चिवट पडद्यांना विरघळायला वेळ लागतो. रस्सा खळखळ उकळला की त्याआधीच मांस पिळून निघतं.

आता एक किलोचे मोठे तुकडे पुसून तेलात लालसर परततो. त्याच जाड बिडाच्या भांड्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला परतून तुकडे निम्मे बुडतील इतकंच गरम पाणी घालतो. झाकणाची कड कणकेने बंद करून भांडं 150 अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये तीन तास. झाकणाची मूठ प्लास्टिकची नको.

दोन तासांनी उघडलं तर मांस अजून घट्टच लागतं. तिथेच मी आधी घाबरून आच वाढवायचो. काटा फिरवल्यावर मांस हाडापासून सुटलं की झालं. नाहीतर पुन्हा झाकून अर्धा तास.