जात आणि सामाजिक गतिशीलता: सादरीकरणात किश्शांऐवजी आकडे मागणारे प्रश्न कसे तयार करावेत

समाजशास्त्राच्या वर्गात या विषयावरचं सादरीकरण संपलं, की पहिला हात बहुधा असा वर येतो: "आमच्या गावातल्या शेतमजुराचा मुलगा तहसीलदार झाला. मग जात आडवी येते असं कसं म्हणता?" मागच्या बाकावरून लगेच उत्तर येतं: "आणि माझ्या मामेभावाला आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली, त्याचं काय?" दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. पण त्यांची एकमेकींशी वजाबाकी करता येत नाही, आणि चर्चेची उरलेली दहा मिनिटं ज्याचा आवाज मोठा त्याच्या वाट्याला जातात. अशी अनेक सादरीकरणं ऐकल्यावर माझं मत झालं आहे की दोष किस्सा सांगणाऱ्याचा कमी असतो आणि प्रश्नाचा जास्त. ज्या प्रश्नाला किश्श्याने उत्तर देता येतं, त्याला लोक किश्श्यानेच उत्तर देणार.

पहिली पायरी: विधानातल्या चार रिकाम्या जागा भरा

"दलित समाज पुढे गेला आहे का?" या प्रश्नात चार गोष्टी सांगायच्या राहिल्या आहेत. नेमकं कोण? कशात पुढे: शिक्षणात, व्यवसायात, उत्पन्नात की मालमत्तेत? कधीपासून कधीपर्यंत? आणि कोणाच्या तुलनेत? या जागा भरून तोच प्रश्न पुन्हा लिहा:

"ग्रामीण महाराष्ट्रात ज्यांचे वडील शेतमजूर होते, अशा अनुसूचित जातींच्या तिशी-चाळिशीतल्या पुरुषांपैकी आज किती जण शेतमजुरीतच आहेत? वडील शेतमजूरच असलेल्या इतर जातींच्या पुरुषांत हे प्रमाण किती आहे?"

आता तहसीलदार झालेला मुलगा चर्चेतून बाहेर पडत नाही, तो शंभरातला एक म्हणून मोजला जातो. किस्सा सांगणाऱ्याला गप्प बसवायचीही गरज नाही. त्याला इतकंच विचारा, "त्याच्याबरोबर पहिलीत बसलेली, त्याच वस्तीतली मुलं किती होती, आणि ती आज काय करतात?" किश्श्याखाली 'एकूण किती जणांपैकी' हा आकडा आला की तो माहितीच्या जवळ येतो.

दुसरी पायरी: गट तोच राहिला का, हे विचारा

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते, आणि महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर ती वगळणं सगळ्यात महाग पडतं. १९८१च्या जनगणनेत राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे ७ टक्के होता. १९९१मध्ये तो ११ टक्क्यांच्या थोडा वर गेला. दहा वर्षांत एवढी वाढ जन्मदराने होत नाही. १९५६मध्ये नागपूरला डॉ. आंबेडकरांबरोबर आणि त्यानंतर लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार मात्र बौद्ध म्हणून नोंद झालेली व्यक्ती अनुसूचित जातींत धरली जात नव्हती. ती दुरुस्ती १९९०मध्ये झाली, आणि पुढच्याच जनगणनेत यादी मोठी दिसली.

आता सादरीकरणात कोणी या दोन जनगणनांतली अनुसूचित जातींची साक्षरता शेजारी शेजारी ठेवून प्रगती दाखवली, तर काय होईल ते बघा. नव्याने मोजले गेलेले लोक आधीच्या यादीतल्यांपेक्षा जास्त शिकलेले असतील, तर एकाही माणसाच्या आयुष्यात काही न बदलता सरासरी वर जाते. म्हणून प्रश्न असा हवा: "तुमच्या दोन वर्षांच्या आकड्यांत 'अनुसूचित जाती' म्हणजे तेच समाज आहेत का? नसतील, तर यादीतल्या बदलामुळे आलेली वाढ वेगळी कशी काढली?"

इतर मागासवर्गीयांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात त्यांचा वेगळा रकाना १९९९-२००० पासून आहे. त्याआधी ते 'इतर' या गटातच होते, म्हणून १९८३चे 'इतर' आणि २०११चे 'इतर' हे वेगवेगळे लोक आहेत.

तिसरी पायरी: वडील-मुलगा तक्ता मागा, आणि कोणतं माप वापरलं ते विचारा

इथे गतिशीलता म्हणजे वडिलांच्या पिढीपासून मुलाच्या पिढीपर्यंत स्थितीत पडलेला फरक. नुसती आजची स्थिती दाखवली तर ती विषमता झाली, गतिशीलता नाही. म्हणून वडिलांचा व्यवसाय एका बाजूला आणि मुलाचा दुसऱ्या बाजूला, असा तक्ता लागतो. त्याचं माप किती फसवं असू शकतं, हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण कागदावर करून बघा.

समजा, जुन्या पिढीत शेतमजुरांच्या प्रत्येकी शंभर मुलांपैकी अनुसूचित जातींतले २० आणि इतर जातींतले ३५ जण शेतमजुरीतून बाहेर पडले. पुढच्या पिढीत हेच आकडे ४० आणि ५५ झाले. अंतर कमी झालं का?

वजाबाकी केली तर आधीही १५चं अंतर होतं, आताही १५चंच आहे, म्हणजे काही बदललं नाही. बाहेर पडणाऱ्यांचं गुणोत्तर घेतलं तर २० भागिले ३५ म्हणजे ०.५७, आणि आता ४० भागिले ५५ म्हणजे ०.७३. म्हणजे अंतर कमी झालं. मागे राहिलेल्यांचं गुणोत्तर घेतलं तर आधी ८० भागिले ६५ म्हणजे १.२३ होतं, आता ६० भागिले ४५ म्हणजे १.३३ आहे. म्हणजे अंतर वाढलं.

तक्ता एकच, निष्कर्ष तीन, आणि गणित एकातही चुकलेलं नाही. सादर करणाऱ्याने यातला एकच निष्कर्ष फळ्यावर ठेवला असेल तर विचारा: "तुम्ही हेच माप का निवडलं? दुसऱ्या मापाने निष्कर्ष टिकतो का?" या प्रश्नाला किश्श्याने उत्तर देणं शक्यच नाही.

जोडीला आणखी एक गोष्ट विचारावी: बाहेर पडलेले गेले कुठे? शेतमजुराचा मुलगा शहरात बांधकामावर बिगारी झाला, तर तक्त्यात त्याचा व्यवसाय बदलतो, पण पायरी बदलते असं नाही. व्यवसायांची वर-खाली उतरंड कशी लावली, हे सादर करणाऱ्याला सांगता आलं पाहिजे.

चौथी पायरी: तक्त्यात कोण नाही?

बहुतेक घरोघरच्या सर्वेक्षणांत एका छपराखाली राहणाऱ्यांचीच नोंद होते. त्यामुळे वडील आणि प्रौढ मुलगा एकत्र राहत असतील तरच ती जोडी सापडते. गाव सोडून पुण्याला किंवा सुरतेला गेलेला मुलगा सुटतो, आणि नेमकी त्याचीच गतिशीलता आपल्याला मोजायची असते. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या २००४-०५ आणि २०११-१२ या दोन फेऱ्यांत कुटुंबप्रमुखालाच वडिलांचं शिक्षण आणि व्यवसाय विचारलेला आहे, त्यामुळे तिथे ही अडचण बरीच कमी होते. मुलींचं मात्र अवघड आहे. त्या लग्न होऊन दुसऱ्या घरात जातात, म्हणून बरेचसे निष्कर्ष वडील आणि मुलगे यांच्यापुरतेच असतात. "तुमचा 'समाज पुढे गेला' हा निष्कर्ष स्त्रियांना लागू आहे का, आणि कोणत्या आकड्यावरून?" हा प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारतो.

पाचवी पायरी: कारण विचारा, आणि कारण तपासायची रीतही

आकड्यांनी फरक दाखवला की नेहमीचा प्रतिवाद येतो: "हा फरक जातीचा नाही, शिक्षणाचा आहे. शिक्षण सारखं धरलं की जात उरत नाही." हे तपासायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींना मर्यादा आहेत.

एक मार्ग म्हणजे बाकी सगळं सारखं ठेवून फक्त जात बदलायची. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फक्त नावं वेगळी होती. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला अनुकूल प्रतिसाद येण्याचे 'ऑड्स', म्हणजे प्रतिसाद येण्याच्या आणि न येण्याच्या शक्यतांचं गुणोत्तर, सुमारे दोन तृतीयांश निघाले, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. इथे शिक्षणाचा मुद्दा निकालात निघतो. पण अभ्यास मुलाखतीच्या बोलावण्यापर्यंतच थांबतो. पुढे नोकरी मिळाली का, पगार किती ठरला, हे तो सांगत नाही. म्हणून यावर प्रश्न असा: "हा पुरावा नोकरीच्या कोणत्या टप्प्याबद्दल आहे, आणि तुम्ही तो कुठवर ताणला आहे?"

दुसरा मार्ग म्हणजे संख्याशास्त्रीय गणितात शिक्षण स्थिर धरणं. तिथे विचारा: "मुळात शिक्षण कमी राहण्यामागे जात नव्हती का?" तसं असेल, तर शिक्षण स्थिर धरताच जातीच्या परिणामाचा एक भाग आपणच पुसून टाकतो. उरलेला आकडा हा जातीचा पूर्ण परिणाम नसतो, शिक्षणाच्या वाटेने न आलेला परिणाम असतो. हा फरक स्पष्ट सांगणारं सादरीकरण मला क्वचितच मिळालं आहे.

कार्यकारणाचं विचारायला शिकवणारं मला सर्वांत आवडणारं उदाहरण दादरचं आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथल्या शाळांतली मुलं, त्यांची जात आणि शिक्षणाचं माध्यम पाहिलं. ज्या जातींच्या पुरुषांना नात्यागोत्याच्या ओळखीतून कामगारवर्गातली कामं मिळत आली होती, त्या जातींचे मुलगे मराठी माध्यमात जास्त राहिले. त्याच जातींतल्या मुली इंग्रजी माध्यमाकडे वेगाने वळल्या, कारण जुन्या ओळखींच्या जाळ्यात मुलींना तशीही जागा नव्हती. जात म्हणजे फक्त बाहेरून होणारा भेदभाव असता, तर एकाच जातीतल्या मुलग्यांत आणि मुलींत असा फरक पडायचं काही कारण नव्हतं. मुलाला जिथे काम मिळतं तिथेच त्याला अडकवून ठेवणारा जातीचा आधारही इथे दिसतो.

यावरून प्रश्न घडवायची रीत घ्या: "तुम्ही सांगितलेलं कारण खरं असेल, तर आणखी कुठे, कोणात फरक दिसायला हवा? तिथे तो दिसतो का?"

प्रश्न विचारण्याआधी वहीत त्याच्याखाली दोन ओळी लिहा: कोणता आकडा आला तर माझं मत बदलेल, आणि तो कोणत्या सर्वेक्षणात मिळू शकतो. पहिली ओळ लिहिता आली नाही, तर तो प्रश्न नसून मत आहे, तो बाजूला ठेवा. दुसरी लिहिता आली नाही, तर प्रश्न लहान करा: देशाऐवजी राज्य, समाजाऐवजी एक वयोगट, 'प्रगती'ऐवजी दहावी उत्तीर्ण. तयार झालेले दोन-तीन प्रश्न सादर करणाऱ्याला दोन दिवस आधी देऊन ठेवा. आकडे उभ्या उभ्या आठवत नाहीत, आणि अचानक विचारलं की चांगला अभ्यास केलेला विद्यार्थीही आपल्या गावातल्या कोणाची तरी गोष्ट सांगू लागतो.