बाजार तळाला असताना विकून मोकळं होणं: पर्यटनावर चालणाऱ्या घरांनी या चुका टाळा

२३ मार्च २०२०, सोमवार. बाजार उघडून थोडा वेळ होतो न होतो तोच शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी १० टक्के घसरला, सर्किट लागलं आणि व्यवहार ४५ मिनिटं थांबले. पुन्हा सुरू झाल्यावर विक्री आणखी वाढली आणि दिवसअखेर निफ्टी सुमारे १३ टक्के खाली, ७,६१० वर आला. दोन महिन्यांपूर्वी, जानेवारीच्या मध्याला, तोच निफ्टी १२,३६० च्या आसपास होता. त्याच आठवड्यात गोव्यातली हॉटेलं रिकामी झाली, शॅक बंद झाले, एप्रिल-मेची बुकिंगं रद्द झाली. गोव्यातल्या गुंतवणूकदाराची अडचण इथेच आहे. इथे बाजार पडतो तेव्हा अनेकदा घरात येणारा पैसाही त्याच वेळी आटतो.

एक उदाहरण धरू. मांद्र्यातलं एक घर, तीन खोल्या पर्यटकांना भाड्याने. महिन्याचा खर्च कर्जाच्या हप्त्यासकट ३५ हजार. बचतीपैकी जवळजवळ सगळे पैसे निफ्टीबरोबर वर-खाली होणाऱ्या निफ्टी इंडेक्स फंडात, जानेवारीच्या उच्चांकाला त्यांची किंमत १० लाख. २३ मार्चला ती ६ लाख १६ हजार झाली. त्या दिवशी हे घर काय काय करू शकतं ते पाहू.

पडद्यावर दिसतो तो भाव मिळेल असं धरणं

घाबरून विकणाऱ्यांपैकी बरेच जण ही साधी गोष्ट विसरतात. म्युच्युअल फंडाच्या ॲपवर सकाळी दिसणारी एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, आदल्या व्यवहाराच्या दिवसाची असते. दुपारी तीनच्या आत पैसे काढण्याची विनंती टाकली तर मिळणारा भाव त्या दिवशी बाजार बंद झाल्यावर ठरतो. शुक्रवारी, २० मार्चला, निफ्टी ८,७४५ वर बंद झाला होता. म्हणजे सोमवारी सकाळी या घराला ॲपवर साधारण ७ लाख ७ हजार दिसत होते. "निदान सात लाख तरी वाचवू" म्हणून बटण दाबलं असतं, तर खात्यात ६ लाख १६ हजारच आले असते. ९१ हजारांचा फरक एका दिवसात पडला असता, तोही विकण्याचा निर्णय घेऊन झाल्यावर. सर्किट लागलेल्या दिवशी फंडातून विकणं म्हणजे भाव न विचारता विकणं.

उच्चांकापासून तोटा मोजणं

नफ्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचं दुःख जास्त लागतं, हे डॅनियल काह्नमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं. त्यांच्या १९९२ च्या अंदाजानुसार हे दुःख आनंदाच्या सव्वादोन पट असतं. पण तोटा कशाच्या तुलनेत, हा खरा प्रश्न. या घराने पाच वर्षं थोडे थोडे करून एकूण साडेसहा लाख भरले असतील, तर २३ मार्चला त्याचा तोटा ३४ हजारांचा होता. मनाला मात्र तो ३ लाख ८४ हजारांचा वाटतो, कारण जानेवारीत पाहिलेले दहा लाख मनात "आपले" म्हणून बसलेले असतात.

यातून सुटण्यासाठी फार काही लागत नाही. एका वहीत दोनच आकडे लिहून ठेवा: आजवर खिशातून किती भरले आणि हे पैसे कोणत्या वर्षी लागणार आहेत. आजची किंमत लिहूच नका. बाजार पडला की आधी ती वही उघडायची, ॲप नंतर.

ॲप किती वेळा उघडता यावरही बरंच अवलंबून आहे. बाजार एका दिवसात वर गेलेला दिसण्याची आणि खाली आलेला दिसण्याची शक्यता जवळजवळ सारखी असते. म्हणून रोज पाहणाऱ्याच्या वाट्याला जवळपास निम्मे दिवस दुःखाचे येतात, आणि ते दुःख दुप्पट लागतं. वर्षातून चार वेळा पाहणाऱ्याला त्याच फंडात तोट्याचे प्रसंग कितीतरी कमी दिसतात. घरामागच्या माडांच्या भाटाचा भाव आपण रोज सकाळी कुणाला विचारत नाही, म्हणून ते भाट घाबरून कुणी विकायला काढत नाही. जमिनीचे भावही खाली-वर होतात, फक्त ते आपल्या फोनवर येत नाहीत.

"सगळे काढतायत" हा पुरावा समजणं

इतरांकडे पाहून वागणं एरवी शहाणपणाचं असतं. समुद्रावर गेलेल्या होड्या माघारी येताना दिसल्या तर किनाऱ्यावरचा माणूस आपली होडी पाण्यात लोटत नाही, आणि बरोबरच करतो. पण वादळाला माणसांची भीती कळत नाही, बाजाराला कळते. लोकांची विक्री हीच भाव पाडते. त्यामुळे विकण्याचा गलबला टिपेला पोचतो तेव्हा बरीचशी भीती भावात आधीच उतरलेली असते.

शिवाय प्रत्येक विक्रीच्या पलीकडे कुणीतरी विकत घेणारा असतोच. मार्च २०२० मध्ये परदेशी संस्थांनी भारतीय शेअरांत सुमारे ६२ हजार कोटींची निव्वळ विक्री केली. ते शेअर हवेत विरले नाहीत. त्यांतले बरेचसे देशी संस्थांनी घेतले. त्याच महिन्यात इक्विटी म्युच्युअल फंडांत एकंदरीत पैसे आलेच होते, बाहेर गेले नव्हते. म्हणजे "सगळे" विकत होते हेच मुळात खरं नव्हतं. विकणारा चार ठिकाणी सांगतो. ज्याने काहीच केलं नाही त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तो दिसत नाही.

कळपाच्या मागे जातोय हे ओळखायची एक खूण आहे. विकायचं कारण एका वाक्यात लिहून पाहा. त्या वाक्यात "सगळे", "म्हणतायत", "अजून पडणार" असे शब्द असतील आणि स्वतःच्या घरखर्चाचा, मुलांच्या फीचा किंवा कर्जाचा उल्लेखही नसेल, तर ते कारण तुमचं नाही. ७२ तास थांबा.

गरज आणि भीती एकत्र करणं

मांद्र्याच्या घराची गरज मात्र खरी होती. खोल्यांचं भाडं बंद आणि पुढे पावसाळा. इथे "घाबरू नका, थांबा" एवढंच सांगणं अन्यायाचं आहे. पण गरज किती होती? तीन महिन्यांचे १ लाख ५ हजार. तेवढेच काढले असते तर फंडात ५ लाख ११ हजार उरले असते, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये निफ्टी पुन्हा १२,३६० च्या पातळीवर आला तेव्हा त्यांचे सुमारे ८ लाख ३० हजार झाले असते. सगळेच्या सगळे काढून बँकेत ठेवले असते, तर तेच ५ लाख ११ हजार किरकोळ व्याजासह बँकेत पडून राहिले असते. ३ लाखांच्या वर गेलेली ही रक्कम गरजेपोटी गेली नसती, भीतीपोटी गेली असती. ३८ टक्के पडलेला बाजार मूळ जागी येण्यासाठी ६२ टक्के वाढावा लागतो, आणि ती वाढ फक्त आत राहिलेल्या पैशांनाच मिळते.

म्हणून पडत्या बाजारात आधी कागदावर पुढच्या तीन महिन्यांचा खर्च मांडा आणि त्यातून हातातली रोकड वजा करा. उरेल तेवढंच काढा, शक्यतो महिन्याच्या महिन्याला. कर्जाचे हप्ते पुढे ढकलता येतात का ते बँकेत विचारा. मार्च २०२० च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने तशी सवलत दिली होती, मात्र त्या काळाचं व्याज चालूच होतं. आणि मुळात, ज्या घराचा पैसा हंगामावर येतो त्याने किमान १२ महिन्यांचा खर्च मुदत ठेवीत किंवा पैसे पटकन काढता येणाऱ्या लिक्विड फंडात ठेवावा. या घरासाठी ते ४ लाख २० हजार होतात. पगारदाराला सहा महिने पुरतात. इथे जून ते सप्टेंबर तसेही कोरडे जातात, त्यात एक हंगाम बुडाला तर सहा महिन्यांची शिल्लक चतुर्थीआधीच संपते. खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली-सत्तरीतल्या ट्रकमालकांचा धंदा असाच बसला होता, आणि तेव्हा शेअर बाजार पडलेलाही नव्हता.

गोव्याचीच आणखी एक गोष्ट. लग्नाआधी करार करून वेगळी व्यवस्था केली नसेल तर इथे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, आणि पगार सोडून बाकीचं उत्पन्न, त्यात भांडवली नफा-तोटाही आला, आयकरात दोघांत निम्मंनिम्मं वाटलं जातं. फंड एकाच्या नावावर असला तरी विकताना होणारं नुकसान दोघांचं असतं. म्हणून ठरवून टाका, दोघांनी होकार दिल्याशिवाय एक लाखाच्या वर विकायचं नाही. रात्री अकरा वाजता एकट्याने फोनवर दाबलेली बटणं यामुळे बरीच थांबतात.

"बरोबरीला आलं की काढतो"

तोट्याच्या भीतीचं हे दुसरं तोंड. तोटा लहान असतो तेव्हा माणूस विकतच नाही, कारण विकलं की तोटा कबूल करावा लागतो. आणखी पडलं की "बरोबरीला येऊ दे" म्हणतो. सहन होईनासं झालं की एका दिवसात सगळं काढतो, आणि तो दिवस बहुधा तळाजवळचा असतो. तो दिवस कसाबसा निभावलेलेही पुढे भाव सावरताच बाहेर पडतात. २०२० मध्ये इक्विटी फंडांतून पैसे बाहेर जायला लागले ते जुलैपासून, बाजार वर येत असताना, आणि ही गळती पुढच्या फेब्रुवारीपर्यंत आठ महिने सुरू राहिली.

विकून बसल्यावर भाव खाली यायची वाट पाहणं

समजा त्या घराने २३ मार्चला सगळे ६ लाख १६ हजार काढलेच. ३० एप्रिलला निफ्टी ९,८६० होता. तेव्हा परत घातले असते तर नोव्हेंबरात ७ लाख ७२ हजार झाले असते. पण आपण ७,६१० ला विकलं हे डोक्यात असतं, म्हणून ९,८६० महाग वाटतो. चतुर्थीच्या तोंडावर ११,३७० झाला. तिथे परत गेलं तर नोव्हेंबरात फक्त ६ लाख ७० हजार.

विकलेला भाव विसरायचा तो असा. पुढच्या १२ महिन्यांचा खर्च बाजूला काढा. उरलेल्या रकमेचे सहा समान भाग करा, ते लिक्विड फंडात ठेवा आणि तिथून दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला एक भाग इंडेक्स फंडात आपोआप जाईल अशी सोय, म्हणजे एसटीपी, लावून द्या. तारीख आली की भाव पाहायचा नाही. पहिल्या हप्त्यानंतर बाजार पडला तरी दुसरा हप्ता जाऊ द्यायचा. एसटीपी मध्येच बंद करावीशी वाटली तर तीच जुनी भीती पुन्हा आली आहे असं समजा.

हा सगळा हिशेब इंडेक्स फंड किंवा अनेक कंपन्यांत विभागलेल्या फंडापुरता आहे. एखाद्या एकट्या कंपनीचा शेअर पडला तर तो परत वर येईलच असं नसतं, तिथे कंपनीची कर्जं आणि नफा तपासूनच ठरवावं लागतं. आणि निर्देशांकही दर वेळी आठ महिन्यांत सावरत नाही. जानेवारी २००८ च्या उच्चांकावरून पडलेला सेन्सेक्स त्या पातळीवर परत यायला २०१० ची दिवाळी उजाडली. मुलीच्या लग्नाचे किंवा घराच्या छपराचे पैसे तीन वर्षांच्या आत लागणार असतील, तर ते बाजार वर असतानाच बाहेर काढून ठेवायचे.