फर्निश्ड घर भाड्याने घेताय? यादीत कूलर 'चालू' एवढंच लिहू नका

नागपुरात हिवाळ्यात घर घेतलं की कूलर कोपऱ्यात झाकलेला असतो. यादीत 'कूलर १' लिहून सह्या होतात, आणि एप्रिलमध्ये पंप बंद निघाला की वाद सुरू: आधीच बिघडला होता की तुम्ही बिघडवला?

म्हणून किल्ली घेतानाच, घरमालक समोर असताना:

१. कूलरमध्ये पाणी भरून दहा मिनिटं चालवा. तिन्ही ताट्या वरपासून ओल्या झाल्या तर पंप ठीक. टाकी गळते का, तेही तेव्हाच दिसतं.

२. यादीत नुसती वस्तू नको, तिची अवस्था लिहा. उदाहरणार्थ: 'लोखंडी कूलर १, पंप व मोटर चालू, टाकीच्या तळाला डावीकडे गंज, गळती नाही, ताट्या जुन्या.' गीझर, फ्रिज, गादी, सगळ्यांचं असंच. गादी उलटवून डाग बघाच.

३. गंज, ओरखडे, डाग यांचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा.

४. दोन प्रती, प्रत्येक पानावर दोघांची सही आणि तारीख. करार अजून नोंदवायचा असेल, तर यादी त्यालाच परिशिष्ट म्हणून जोडून घ्या.

ताट्या दरवर्षी कोण बदलणार, हेही एका ओळीत लिहून टाका. त्या वापराने झिजतातच. ते नुकसान धरून डिपॉझिटमधून पैसे कापायला नकोत.

एक सांभाळा: न तपासलेल्या वस्तूपुढे 'चालू' लिहिलेलं असेल तर सही करू नका. 'तपासले नाही' असं लिहून मगच करा.